सोप्या मराठीतलं पत्रक

आमच्या ऑफिसात मराठी येणारी मी एकटीच होते, आणि याचा मला उगाचच ताठा होता. न्यू टाउनमधल्या सहाव्या मजल्यावर दीडशे माणसं. त्यातली निम्मी बंगाली बोलायची, उरलेली हिंदी, आणि सगळी मिळून इंग्रजीत मेल लिहायची. माझं काम पुरवठादारांची कागदपत्रं तपासून नोंदणी करायचं. त्यात भाषेचा काही संबंध नव्हता. तरी कोणी 'दीदी, आप तो मराठी हैं ना?' असं विचारलं की मी खुर्चीत जरा सरळ व्हायची.

कंपनी वजनकाटे बनवायची. भरलेला ट्रक किंवा उसाची ट्रॅक्टर-ट्रॉली ज्याच्यावर चढवून तोलतात, ते मोठे काटे. कारखाना इथेच, कोलकात्याच्या बाहेर. पण सगळ्यात जास्त गिऱ्हाईक महाराष्ट्रातले साखर कारखाने. त्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, नगर या भागांत आमचे तीसेक लोक काटे बसवायला आणि दुरुस्तीला फिरतीवर असायचे. ऑफिसच्या दृष्टीने ते म्हणजे 'वेस्ट फील्ड स्टाफ'. त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. त्यांची बिलं तेवढी यायची, तेलकट, चुरगळलेली, आणि बहुतेक वेळा उशिरा.

त्या बिलांवरूनच सगळं सुरू झालं. कंपनीने प्रवासखर्चाचे नवे नियम केले. आधी उचल मिळायची आणि महिन्याच्या शेवटी बिलांचा गठ्ठा पाठवला की हिशेब मिटायचा. आता उचल बंद. ज्याने त्याने खर्च करायचा, बिलाचा फोटो काढून मोबाईलमधल्या अॅपवर टाकायचा, तीस दिवसांच्या आत. मग पुण्याच्या विभागीय ऑफिसातला साहेब मंजुरी देणार, इथे फायनान्सवाले तपासणार आणि पैसे थेट खात्यात. याचं इंग्रजी पत्रक तीन पानांचं होतं. ते सगळ्यांना मेलने गेलं आणि सांगली-सोलापूरकडच्या एकानेही ते उघडलं नाही.

तेव्हा फायनान्सच्या मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. हे गृहस्थ बंगाली, शांत, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं. ते म्हणाले, "इसको सिंपल मराठी में कर दीजिए. एक पन्ना. जैसे आप उन लोगों से बात कर रही हों."

मी हो म्हटलं आणि कागद घेऊन घरी आले. आनंद झाला होता हे कबूल करते. नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळे आम्ही कोलकात्यात आलो त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. बालीगंजच्या फ्लॅटमध्ये माझं मराठी स्वयंपाकघरापुरतं उरलं होतं. 'ऊठ', 'जेव', 'डबा घेतलास का'. मुलगी त्यालाही हिंदीत उत्तर द्यायची. गणपतीत इथली मराठी मंडळी जमली की चार तास तोंड भरून बोलायचं, बाकी वर्षभर गप्प. लिहायचा तर प्रश्नच नव्हता. किराण्याची यादीसुद्धा मी इंग्रजीत करायला लागले होते.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून मी ते पत्रक लिहायला घेतलं. पहिल्याच ओळीवर गाडी अडली. नवरा म्हणाला, "प्रतिपूर्ती लिही. आमच्या सर्क्युलरमध्ये तेच असतं." मी म्हटलं, "तुमची सर्क्युलरं तुम्ही तरी वाचता का?" काट्याखाली चिखलात उतरलेल्या माणसाला प्रतिपूर्ती कशाला सांगायची? मी लिहिलं, 'कामासाठी तुम्ही खिशातून केलेला खर्च कंपनी तुम्हाला परत देईल. तो कसा मागायचा, ते खाली दिलं आहे.' हे वाक्य लिहून मी स्वतःवरच खूश झाले.

मग पुढचं भराभर आलं. तीस दिवस म्हणजे ज्या दिवशी खर्च केला त्या दिवसापासून तीस दिवस, महिनाअखेरीपासून नव्हे. लॉजचं बिल कंपनीच्या नावाने आणि कंपनीचा जीएसटी नंबर घालून घ्यायचं, तो नंबर मी मोठ्या अक्षरात चौकटीत घातला. वडापच्या, म्हणजे गावोगाव माणसं भरून नेणाऱ्या खाजगी जीपला तिकीट नसतं हे इंग्रजी लिहिणाऱ्याला ठाऊक नसणार, पण सुदैवाने बिलाशिवायच्या किरकोळ खर्चासाठी एक नियम होता: रोज ठरावीक रकमेपर्यंत स्वतःच्या सहीचं लेखी निवेदन चालेल. मी तिथे 'उदाहरणार्थ, वडाप किंवा रिक्षा' असं घातलं. 'वडाप' हा शब्द लिहिताना मला अगदी माहेरी गेल्यासारखं वाटलं. माझं माहेर तिकडचंच.

इंग्रजी पत्रकाच्या शेवटच्या पानावर एक परिच्छेद होता. प्रत्येक कर्मचाऱ्याने फक्त स्वतःच केलेला खर्च स्वतःच्या लॉगिनमधून मागावा. दुसऱ्या कर्मचाऱ्याचा खर्च आपल्या नावावर मागितल्यास ते खोटी माहिती देणं धरलं जाईल आणि शिस्तभंगाची कारवाई होईल.

हा परिच्छेद मला आवडला नाही. खरं सांगायचं तर रागच आला. इथे वातानुकूलित खोलीत बसून तुम्ही त्या माणसांना आधीच चोर ठरवता? एक पान भरत आलं होतं. वर मी इतकं गोड, घरगुती मराठी लिहिलं होतं, आणि त्याच्याखाली ही दमदाटी विजोड दिसत होती. आपल्या माणसांना असं कोणी लिहितं का, असं माझ्या मनात आलं. 'आपल्या माणसांना' हे अगदी याच शब्दांत. त्यांच्यातल्या एकालाही मी तेव्हा ओळखत नव्हते.

मी लिहिलं, 'प्रत्येकाने आपापला खर्च आपापल्या मोबाईलवरून भरावा, म्हणजे पैसे ज्याचे त्याच्या खात्यात लवकर येतील.' कारवाईचं वाक्य गाळलं. खाली नेहमीची ओळ बारीक अक्षरात टाकली: मराठी आणि इंग्रजी मजकुरात फरक आढळल्यास इंग्रजी मजकूर ग्राह्य धरला जाईल. ती मात्र मी शब्दन् शब्द बरोबर लिहिली.

सोमवारी साहेबांनी कागद हातात घेऊन वरून खाली पाहिला. त्यांना देवनागरी वाचता येत होती, मराठी कळत नव्हतं. "सारे पॉइंट आ गए?" त्यांनी विचारलं.

"हां सर."

"किसी और से एक बार दिखवा लें? पुणे में किसी से?"

मला ते लागलं. पुण्याच्या कुणीतरी माझं मराठी तपासायचं म्हणजे काय. मी म्हटलं, "सर, जरूरत नहीं है." त्यांनी मान डोलावली आणि खिशातलं एक पेन काढून सही केली.

पत्रक व्हॉट्सअॅपवरून गेलं आणि चमत्कारच झाला. त्या आठवड्यात तिकडच्या तीसपैकी वीस-बावीस जणांनी अॅप उतरवून घेतलं. पत्रकाच्या तळाशी अडचण आल्यास म्हणून माझा ऑफिसचा नंबर दिला होता, त्याच्यावर फोन यायला लागले. मी अॅपमधलं बटण कुठे आहे ते सांगायची आणि मधेच 'तुमच्याकडे पाऊस कसा आहे' असंही विचारायची. आजूबाजूचे बंगाली सहकारी माझ्याकडे वळून बघायचे, कारण मी इतक्या मोठ्याने आणि इतकी हसून बोलते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. साहेबांनी बैठकीत माझं कौतुक केलं. मी वर्षावर्षाच्या करारावर होते, आणि आता कायम होण्याची शक्यता आहे असं कानावर आलं.

त्या फोन करणाऱ्यांत एक सांगलीकडचे वरिष्ठ फिटर होते. एकतीस वर्षं नोकरी झालेली.

"मॅडम, नमस्कार. तुमचं पत्रक वाचलं बघा. एकतीस वर्षांत कंपनीचा कागद पयल्यांदा एका दमात वाचला."

मी त्यांना 'काका' म्हणायला लागले ते त्याच फोनपासून.

काका पुढच्या वर्षी अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त होणार होते. पण त्यानंतर दोन वर्षं त्यांना करारावर ठेवून नव्या फिटरांना शिकवायचं काम द्यायचं, असं पुण्याच्या साहेबांनी कबूल केलं होतं. त्यांना त्याची फार गरज होती. धाकटी मुलगी कॉलेजात होती, तिची दोन वर्षं बाकी होती. "तेवढी दोन वर्सं निघाली की मी मोकळा," ते म्हणायचे. हे त्यांनी मला दुसऱ्या की तिसऱ्या फोनवर सांगितलं, आणि त्याच फोनवर तो प्रश्न विचारला.

त्यांच्या गाडीबरोबर आणखी दोन फिटर असायचे. दोघे पन्नाशीचे. एकाकडे साधा बटणांचा फोन होता. दुसऱ्याने मुलाचा जुना फोन घेतला होता, पण त्याला ते अॅप काही केल्या वळत नव्हतं. तिकडची रीत अशी की फिरतीवर जो सगळ्यात मोठा, तो सगळ्यांचे पैसे भागवतो. जेवणाचं बिल आलं की धाकट्यांनी खिशात हात घालायचा नाही. आधीच्या पद्धतीत उचल काकांच्याच नावावर यायची, म्हणून ते जमून जायचं; आता उचल नाही म्हटल्यावर तिघांनाही आपापल्या खिशात हात घालावा लागत होता.

"तर मॅडम, या दोघांचा खर्च मी माझ्याच फोनवरनं भरतो. पैसं माझ्या खात्यावर आलं की त्यांचं त्यांच्या हातात देतो. तुमच्या कागदात 'आपापल्या मोबाईलवरून भरावा' असं लिवलंय. पर या दोघांना जमत न्हाई. असं केलं तर चालंल न्हवं?"

मला इंग्रजी पत्रकातला तो कारवाईचा परिच्छेद आठवला. आठवला नाही असं मी म्हणू शकत नाही. पण मला वाटलं, तो परिच्छेद लबाडी करणाऱ्यांसाठी आहे. काका काय लबाडी करताहेत? उलट मदत करताहेत. शिवाय 'थांबा, साहेबांना विचारून सांगते' म्हटलं असतं तर मी फक्त निरोप्या ठरले असते, आणि त्यांच्या आवाजातल्या त्या 'मॅडम'ची मला गोडी लागली होती.

"चालेल की काका," मी म्हटलं. "त्यात काय एवढं?"

"मग झालं. तुम्ही म्हणला म्हंजी झालं."

दिवाळीनंतर उसाचा गळीत हंगाम सुरू झाला. त्या दिवसांत काटा बंद पडला की कारखान्याच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागते, म्हणून आमचे लोक दिवसाला दोन-दोन कारखाने करायचे. काका एका फिटरला कराडला पाठवायचे आणि स्वतः विट्याला जायचे. संध्याकाळी तिघे भेटले की काका तिघांची बिलं एका पुठ्ठ्यावर मांडून त्यांचे फोटो काढायचे, प्रत्येकाची तारीख, गाव आणि रक्कम नीट भरायचे. एक पैसा इकडचा तिकडे नाही. हे मला नंतर त्यांच्याच उत्तरातून कळलं.

मार्चमध्ये अंतर्गत लेखापरीक्षण झालं. त्यात निघालं की सांगलीकडचा एक कर्मचारी एकाच दुपारी कराडलाही जेवला आहे आणि विट्यालाही. असे दिवस एकोणीस होते. परीक्षण करणारी मुलगी नवी होती, हुशार होती, आणि तिने तिचं काम बरोबर केलं. तिच्यासमोर नियम होता आणि नियमाविरुद्धची बिलं होती. पुण्याचा साहेब, जो महिनोन् महिने न बघता मंजुरीचं बटण दाबत होता, तो लगेच म्हणाला की मला यातलं काही ठाऊक नाही. काकांना कारणे दाखवा नोटीस गेली. इंग्रजीत.

मला हे कळलं तेव्हा नोटीस जाऊन चार दिवस झाले होते. कळलं ते असं, की फायनान्सच्या साहेबांनी मला पुन्हा केबिनमध्ये बोलावलं आणि दोन कागद समोर ठेवले. काकांचं उत्तर आलं होतं. मराठीत, हाताने लिहिलेलं, स्कॅन केलेलं. "इसका इंग्लिश कर दीजिए. वर्ड टु वर्ड," ते म्हणाले. "कमिटी के सामने जाएगा." आणि मग म्हणाले, "आपने जो मराठी सर्क्युलर बनाया था, उसमें ये क्लॉज था ना?"

मी म्हटलं, "था सर. सिंपल करके लिखा था."

हे खोटं होतं असंही नाही, खरं होतं असंही नाही. मी ते बोलले आणि कागद घेऊन जागेवर आले.

काकांचं अक्षर गोल आणि मोठं होतं, शाळेत वळण लावलेलं. त्यांनी कुठेही रडगाणं गायलं नव्हतं. तिघे कसे फिरतात, कोण कुठे गेला होता, कुठलं बिल कोणाचं, त्या एकोणीस दिवसांचा सगळा तपशील ओळीने दिला होता. त्या दोघांनी 'आम्हाला आमचे पैसे मिळाले' म्हणून खाली सह्या केल्या होत्या. शेवटी लिहिलं होतं: 'असे करणे चूक आहे हे मला माहीत नव्हते. मराठी पत्रकात तसे लिहिलेले नाही. तरी मी हेड ऑफिसात फोन करून विचारले होते. चालेल असे मला सांगण्यात आले. ज्यांनी सांगितले त्यांचे नाव मी लिहीत नाही. त्यांनी चांगल्या मनाने सांगितले.'

मी ते वाचलं आणि उठून पाणी प्यायले. खिडकीतून खाली न्यू टाउनचा रुंद रस्ता दिसतो, तिथे कायम नव्या इमारतीचं काम चाललेलं असतं. मी बराच वेळ तिथे उभी होते. माझा करार त्याच महिन्याअखेर संपत होता. हेड ऑफिसात फोन करून विचारलं म्हणजे कोणाला, हे कमिटीतल्या कुणालाही दोन मिनिटांत कळलं असतं. मराठी बोलणारी तिथे एकच होती.

मी भाषांतर केलं. गावांची नावं, तारखा, रकमा, सगळं काटेकोर. 'असे करणे चूक आहे हे मला माहीत नव्हते' हे लिहिलं. 'मराठी पत्रकात तसे लिहिलेले नाही' हे मी 'मराठी पत्रकावरून मला ते नीट समजले नाही' असं केलं. त्याच्या पुढची चार वाक्यं घेतली नाहीत.

टाईप करताना मी स्वतःला सांगत होते की त्यांनी नाव लिहिलेलं नाहीच, म्हणजे त्यांनाही ते बाहेर येऊ द्यायचं नाहीये. मी त्यांचीच इच्छा पुरी करते आहे. माणूस स्वतःची समजूत किती छान घालतो. मी ते पान साहेबांना पाठवलं, दुपारचा डबा खाल्ला आणि संध्याकाळी वेळेवर घरी गेले.

कमिटीने फार ताणलं नाही. पैसे खाल्ले नाहीत हे स्पष्ट होतं. पण नियम मोडला होता, तोही एकोणीस वेळा, आणि नियम माहीत नव्हता हे कारण चालत नाही, कारण इंग्रजी मजकूर ग्राह्य. काकांना लेखी ताकीद मिळाली. आणि ज्याच्या फाईलमध्ये ताकीद आहे त्याला निवृत्तीनंतर करारावर घेता येत नाही, हा आणखी एका पत्रकातला नियम. ती दोन वर्षं गेली. ते काम सोलापूरकडच्या एका फिटरला मिळालं.

माझा करार वाढला. कायमही झाले, त्याच वर्षी.

यानंतर मी फोन उचलायचं टाळायला लागले. नंबर तिकडचा दिसला की शेजारच्याला म्हणायची, सांग मीटिंगमध्ये आहे. काकांचा मात्र फोन आलाच नाही. मी मनात वाट बघत होते की ते फोन करून चिडतील, चार शब्द सुनावतील. तेवढी तरी सोय त्यांनी माझी करायला हवी होती, असंही मला वाटायचं.

त्यांच्या निवृत्तीच्या आठवडाभर आधी मला ते सहन होईना. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. पत्रकातलं गाळलेलं वाक्य, फोनवर दिलेली परवानगी, उत्तरातली गाळलेली वाक्यं. साहेब ऐकत होते. त्यांनी मला बसा म्हटलं नाही. शेवटी त्यांनी विचारलं, "आपने उस दिन क्यों नहीं बोला?" ते म्हणाले की करार दुसऱ्याला देऊन झाला आहे, त्याच्याकडून तो काढून घेता येणार नाही. पण ताकीद मागे घेण्याची शिफारस ते करतील, आणि मराठी पत्रक पुन्हा निघेल, या वेळी पुण्याहून तपासून. माझ्याबद्दल ते काही बोलले नाहीत. माझी नोकरी गेली नाही. गेली असती तर बरं वाटलं असतं असं मी आता म्हणते, पण त्या वेळी मी केबिनबाहेर येऊन सुटकेचा श्वासच टाकला होता.

मग आठवडाभराने मी काकांना फोन लावला. त्यांच्या नोकरीचा तो शेवटचा दिवस होता. मागे गलका ऐकू येत होता, बहुतेक हार-नारळ चालले असावेत.

"काका, मी कोलकात्याहून बोलतेय."

"बोला ताई." मॅडमवरून ते ताईवर आले होते. त्यात राग आहे की आणखी काही, मला कळेना.

मी म्हटलं की तुमची ताकीद मागे घेतली जाणार आहे. ते म्हणाले, बरं झालं, फाईल साफ असली म्हंजी बरं असतं. मग मी मोठा दम घेतला आणि म्हटलं, "काका, तुमच्या उत्तराचं इंग्रजी मी केलं होतं. त्यात शेवटची काही वाक्यं मी..."

"ठाव हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"इंग्रजी कागद माझ्याकडं आला की सहीला. हे तुमचंच म्हणणं हाय म्हणून सही करा, असं. आमच्या धाकटीनं वाचून दावला. ती म्हणली, आबा, शेवटचं यात न्हाई, सही करू नका. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे."

मला हे ठाऊकच नव्हतं. भाषांतर मूळ लिहिणाऱ्याकडे सहीसाठी जातं, ही साधी कार्यालयीन पद्धत, माझ्या डोक्यातच आली नव्हती. ज्या मुलीच्या दोन वर्षांसाठी ते सगळं चाललं होतं, तिनेच तो कागद त्यांना वाचून दाखवला होता.

"का सही केलीत काका?"

"मग काय करू? तुमचं नाव काढू? तुम्ही एकट्या बाईमाणूस तिकडं लांब, आमच्यासाठी फोनवर अर्धा-अर्धा तास बोलत हुतासा." मागचा गलका कमी झाला. बहुधा ते बाजूला येऊन उभे राहिले असतील. मग म्हणाले, "एक इचारू का? कारवाई करू म्हणून जे नोटीशीत लिवलं हुतं, ते पयल्या इंग्रजी पत्रकात आधीपास्नं हुतं का?"

"होतं," मी म्हटलं.

"मग आमच्यात का न्हवतं?"

मी खरं तेच सांगितलं. मला ते वाक्य फार कडक वाटलं. तुम्हा लोकांचा अपमान होईल असं वाटलं. म्हणून नाही लिहिलं.

पलीकडे ते हसल्यासारखं काहीतरी झालं, पण हसले नसावेत.

"अवो ताई, आमी एकतीस वर्सं साहेब लोकांच्या शिव्या खाल्ल्या. एका वाक्यानं काय झालं असतं? वाचून वाईट वाटलं असतं, दोन दिवस. पर त्या दोघांना मी मारून मुटकून फोन शिकवला असता."

मी माफी मागितली. ते म्हणाले, "असू द्या, ठेवतो, लोकं थांबल्यात." आणि त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी नव्या पत्रकाचा कच्चा मसुदा माझ्याकडेच लिहायला दिला. मी तो कारवाईचा परिच्छेद सगळ्यात वर, ठळक अक्षरात, इंग्रजीत होता तेवढाच कडक लिहिला. सांगलीला जाणाऱ्या यादीतून तोवर काकांचा नंबर काढून टाकलेला होता.